पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीतील उभी सळई व तिचे भरण : क्वेट्टा, किल्लारी आणि तोंडवलीचा किनारा

मालवण तालुक्यातील तोंडवली व तिला लागून असलेले तळाशील ही वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेली वस्ती होय. तिच्या एका अंगास अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगास गड नदीची खाडी आहे. या भागात भिंत म्हटली की जांभ्याच्या चिऱ्याची, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. चिरा हा भरीव दगड. तो आपल्या वजनाने व जाडीने उभा राहतो. त्याच्या पोटातून लोखंड ओवण्याची सोय नाही, आणि तशी कल्पनाही जुन्या गवंड्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. सिमेंटचा पोकळ ठोकळा मात्र निराळ्या जातीचा आहे. एकावर एक रचले असता ठोकळ्यांच्या पोकळ्या जुळून जोत्यापासून छपरापर्यंत एक उभी नळी तयार होते. तीत सळई उभी करावी, भोवती पातळ काँक्रीट ओतावे, आणि भिंतीतच एक बारीक खांब निर्माण करावा, ही ती युक्ती. या ओतावयाच्या पातळ मिश्रणास ग्राऊट म्हणतात.

ही युक्ती प्रथम भूकंपाच्या प्रदेशांत सिद्ध झाली असली तरी समुद्रकिनाऱ्यासही ती परकी नाही. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर छपरे उडाली. वारा छप्पर वर उचलतो, तेव्हा छप्पर जोत्याशी बांधून ठेवणारा अखंड दुवा भिंतीत असावा लागतो, आणि असा दुवा म्हणजेच उभी सळई. तथापि या सळईचा इतिहास पाहू गेल्यास असे आढळते की तो लोखंडाचा इतिहास थोडा आणि लोखंडाभोवतीच्या भरणाचा इतिहास अधिक आहे. सळई घालावी हे पुष्कळांना लवकर सुचले; ती भिंतीशी एकजीव कशी करावी, हे कळण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

आरंभ लंडन येथे झाला असे मानण्याची रीत आहे, व ती फारशी चुकीची नाही. टेम्स नदीखालील बोगद्याच्या कामी मार्क इझमबार्ड ब्रुनेल याने १८२५ साली रॉदरहाइथ येथे विटांचा एक प्रचंड नळा बांधला. त्याचा व्यास ५० फूट, उंची ४२ फूट, आणि भिंतीची जाडी सुमारे ३ फूट. जमिनीवर बांधलेला हा नळा खालची माती काढीत स्वतःच्या वजनाने खाली उतरवावयाचा होता. तसे करताना एक बाजू आधी खचली तर विटा फाकणार, हे ओळखून ब्रुनेलने भिंतीत लोखंडी उभ्या कांबी आणि आडव्या पट्ट्या घातल्या. पुढे हा विचार बराच काळ मागे पडला. त्यास पुन्हा उचलून शास्त्रीय कसोटीवर घासण्याचे काम भारतात झाले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सरकारी बांधकाम खात्यातील अभियंता ए. ब्रेबनर याने लोखंडयुक्त वीटकामावर केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत १९२३ साली भारत सरकारने प्रसिद्ध केला, आणि पुढील काळात परदेशी अभ्यासकांनी या विषयावर लिहिताना त्याचा आधार घेतला. मात्र ब्रेबनरची वीट भरीव होती. लोखंड सांध्यांतून जाई. विटेच्या पोटातून नव्हे.

पोकळ ठोकळ्याचा जन्म स्वतंत्रपणे, अमेरिकेत झाला. हार्मन पामर याने असा ठोकळा पाडण्याच्या यंत्राचे पेटंट १९०० साली मिळविले. तेथे पोकळी ठेवण्याचा हेतू वजन व सिमेंट वाचविणे एवढाच होता. भिंतीत रिकामी नळी तयार होते हा एक आनुषंगिक परिणाम होता, व त्याचा उपयोग कोणी लगेच केला नाही.

तो उपयोग करावयास भूकंपांनी भाग पाडले, आणि त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. १० मार्च १९३३ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झालेल्या भूकंपात लोखंडविरहित वीटकामाच्या शाळा कोसळल्या. धक्का सायंकाळचा असल्याने वर्ग रिकामे होते, म्हणूनच केवळ अनर्थ टळला. महिन्याभरातच शाळांच्या बांधकामाविषयीचा कायदा झाला, आणि यापुढे दगड-विटांची वा ठोकळ्यांची भिंत बांधावयाची तर ती लोखंडयुक्त व भरीव केलेली असावी, हा दंडक त्या प्रदेशात रुजत गेला. दुसरा भूकंप ३१ मे १९३५ चा, बलुचिस्तानातील क्वेट्टा येथील. त्यात नगर जवळजवळ नष्ट झाले; परंतु रेल्वेची काही घरे उभी राहिली. १९३१ सालच्या माच येथील भूकंपानंतर नॉर्थ वेस्टर्न रेल्वेचे अभियंता एस. एल. कुमार यांनी भूकंपाचा जोर हिशेबात धरून या घरांची आखणी केली होती. ही आखणी कशी केली ते त्यांनी १९३३ साली, म्हणजे क्वेट्ट्याच्या विध्वंसापूर्वीच, पंजाब इंजिनीअरिंग काँग्रेसपुढे मांडले होते. कागदावरील सिद्धान्ताची अशी परीक्षा इतक्या लवकर व इतक्या निर्दयपणे क्वचितच होते.

क्वेट्ट्याच्या पुनर्रचनेत जी भिंत प्रचारात आली तिला क्वेट्टा बांधणी हे नाव मिळाले. दीड विटेच्या भिंतीत विटा अशा रीतीने फिरवून लावावयाच्या की मध्ये ठराविक अंतरावर उभे चौकोनी खळगे राहावेत. त्या खळग्यांत सळया उभ्या करून भोवती माल भरावयाचा. ठोकळ्याची पोकळी येथे विटांनी घडविली गेली, असे म्हणता येईल. भरणाच्या दृष्टीने या बांधणीचा एक मोठा गुण होता. खळगा थराथराने, भिंत चढेल तसा, गवंड्याच्या डोळ्यांदेखत भरला जाई. दोन-तीन थर झाले की माल टाकावा, सळईभोवती ठोसावा, आणि पुढे जावे. आत पोकळ राहिले तर ते तत्काळ दिसे. दोषही उघड आहे. हे काम सावकाश होते, आणि गवंड्याचा संयम हाच त्याचा मुख्य आधार होता.

कॅलिफोर्नियात ठोकळ्यांच्या भिंतीस हा सावकाशपणा परवडणारा नव्हता. तेथे भिंत बरीच वर चढवून मग पोकळ्या वरून भरण्याची पद्धत वाढली, आणि तिच्याबरोबर या विषयातील सर्वांत विलक्षण अडचण पुढे आली. काँक्रीटच्या शास्त्राचा पहिला पाठ असा की पाणी जितके कमी तितके काँक्रीट बळकट. हा पाठ प्रामाणिकपणे पाळून ज्यांनी घट्ट काँक्रीट पोकळीत ओतले, त्यांच्या भिंती आतून पोकळच राहिल्या. कारण ठोकळा कोरडा व सच्छिद्र असतो. घट्ट मिश्रण अरुंद नळीत उतरताना त्याचे पाणी चारही बाजूंनी शोषले जाते, ते आकसून सळईवर किंवा सांध्यातून आत आलेल्या मालावर अडकते, तेथे पूल बनतो, आणि त्याखाली हवा राहते. वरून पाहणाऱ्यास मात्र पोकळी काठोकाठ भरलेली दिसते.

यास उपाय म्हणून जो नियम ठरला तो ऐकणाऱ्यास प्रथम उलटा वाटतो. ग्राऊट मुद्दाम पातळ करावयाचे. इतके की काँक्रीटचा ओलेपणा मोजण्याच्या शंकूच्या साच्यातून काढल्यावर त्याचा ढीग ८ ते ११ इंच, म्हणजे २० ते २८ सेंटिमीटर, खाली बसावा. शंकूच मुळी १२ इंच उंच असतो. म्हणजे ढीग असा उरतच नाही, मिश्रण पसरते. स्लॅबसाठी असे काँक्रीट कोणी आणले तर ते परत पाठवावे लागेल. पण पोकळीत गेल्यावर हेच जादा पाणी ठोकळे काही मिनिटांत ओढून घेतात, आणि सळईभोवती जे उरते ते पुरेसे कमी पाण्याचे, घट्ट व बळकट काँक्रीट असते. ठोकळा हा येथे साचाही आहे आणि गाळणीही. या एका गोष्टीचे आकलन झाले नाही तर पुढील सर्व नियम निरर्थक वाटतात. याच कारणास्तव सिमेंटचे ठोकळे विटांप्रमाणे पाण्यात भिजवून लावावयाचे नसतात. भिजलेला ठोकळा पाणी ओढत नाही आणि नंतर वाळताना आकसून भिंतीस तडे देतो.

भारतात या विचारास नियमाचे रूप रुडकी येथील संशोधनाने आले. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने १९६० साली तेथे भूकंप अभियांत्रिकीचे विद्यालय स्थापन झाले. जयकृष्ण व ब्रिजेश चंद्र यांनी वीटकामाच्या घरांना बळकटी देण्याविषयीचे आपले काम १९६५ साली न्यूझीलंडमधील जागतिक परिषदेत मांडले. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून सर्व भिंतींस वेढणारी लोखंडयुक्त पट्टी, आणि कोपऱ्यांत उभी सळई, ही त्यातील मुख्य सूत्रे. भारतीय मानक ४३२६ प्रथम १९६७ साली निघाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. हा केवळ योगायोग. परंतु दख्खनचे पठार अचल आहे या समजुतीस महाराष्ट्रात तेव्हापासून तडा गेला.

तडा गेला तरी समजूत पडली नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धक्का बसला तेव्हा तो प्रदेश १९८४ च्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. जवळजवळ आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेकांचा घात मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि त्यांवरील माळवदाच्या मातीने केला. पुढील काही वर्षांत लातूर व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांतील बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि त्यांतील अनेक वसाहतींत सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंती उभ्या राहिल्या. दगडात जन्म काढलेल्या गवंड्यांच्या हाती ठोकळा, सळई व ग्राऊट ही सामग्री महाराष्ट्रात इतक्या मोठ्या प्रमाणावर प्रथमच आली. त्याच १९९३ सालच्या सुधारित मानकात कोपरे, भिंतींचे सांधे आणि धोक्याच्या वर्गानुसार दारे-खिडक्यांच्या बाजू यांत उभ्या सळईची तरतूद तपशिलाने आढळते. अधिक धोक्याच्या वर्गातील एकमजली घरास ती १० किंवा १२ मिलिमीटर व्यासाची आहे.

ही एक सळई किती काम करते, हे हिशेबाने पाहणे उपयुक्त ठरेल. १२ मिलिमीटरच्या पीळदार सळईस ताणून कायमची लांबविण्यास सुमारे पावणेपाच टन ओढ लागते. ही ओढ २० सेंटिमीटर जाडीच्या भिंतीत मध्यावर असेल तर भिंतीच्या दाबल्या जाणाऱ्या पृष्ठापासून तिचे अंतर १० सेंटिमीटर असते, आणि भिंत आत वाको वा बाहेर, तेवढेच असते. आता ओतताना सळई ४ सेंटिमीटर एका बाजूस सरकली असे समजावे. एका दिशेच्या वाकण्यास तिचे अंतर ६ सेंटिमीटरच उरते, म्हणजे भिंतीचा त्या दिशेचा प्रतिकार सुमारे चाळीस टक्क्यांनी घटतो. भूकंप भिंतीस दोन्ही दिशांना हलवितो; तो दुबळी दिशा शोधण्यास चुकत नाही. सळईचा व्यास मोजणारे पुष्कळ असतात. ती पोकळीच्या मधोमध आहे की नाही हे पाहणारे थोडे, आणि हा उलटा क्रम आहे.

सळई सरकते का, याचे कारणही गवंड्याच्या कामातच आहे. तीन मीटरची अखंड सळई जोत्यातून उभी केली, तर प्रत्येक ठोकळा तिच्या टोकावरून ओवून खाली आणावा लागतो. ठोकळ्याचे वजन सतरा-अठरा किलो. असे पंधरा थर प्रत्येक कोपऱ्यात ओवण्यापेक्षा सळई वाकवून बाजूस सारणे माणसास सोपे वाटते, आणि एकदा वाकलेली सळई पुन्हा ओळंब्यात येत नाही. म्हणून जोत्यातून दीड मीटरपर्यंतच सळई वर काढावी, तेवढी भिंत चढवावी, आणि मग दुसरी सळई तिच्याशेजारी व्यासाच्या सुमारे पन्नासपट, म्हणजे १२ मिलिमीटरच्या सळईस ६० सेंटिमीटर, जोड देऊन उभी करावी, ही रीत सोयीची ठरते.

आता एका पोकळीचे भरण घेऊ. ४० सेंटिमीटर लांब व २० सेंटिमीटर रुंद-उंच अशा ठोकळ्यास दोन पोकळ्या असतात. प्रत्येकीचे तोंड साधारण १५ बाय १३ सेंटिमीटर धरावे. तीन मीटर उंचीस अशा एका पोकळीत सुमारे ५८ लिटर ग्राऊट मावते. एक पोते सिमेंट, तीन भाग वाळू आणि सुमारे ३३ लिटर पाणी यांपासून साधारण १०८ लिटर ग्राऊट होते. म्हणजे एका पोत्यात दोन पोकळ्या जेमतेम पुऱ्या होत नाहीत. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण बंद भिंतीच्या आत डोकावण्याचा तो सर्वांत स्वस्त मार्ग होय. घरात दहा पोकळ्या भरावयाच्या असतील तर साडेपाच पोती लागलीच पाहिजेत. चार पोत्यांत काम उरकले, तर उरलेले दीड पोते कोणत्या ना कोणत्या पोकळीत हवेच्या रूपाने उभे आहे.

भरण्यापूर्वी पोकळी स्वच्छ हवी. ठोकळे लावताना सांध्यातील माल आत ओघळतो व काठाप्रमाणे पुढे येतो. तो थापीने त्याच वेळी काढावा, कारण वाळल्यावर तोच पूल बनण्याचे ठिकाण होतो. तळाच्या थरातील ठोकळ्यास बाहेरून एक खिडकी ठेवावी, म्हणजे पडलेला माल काढता येतो आणि सळई जोत्यातील सळईशी जुळली की नाही हेही पाहता येते. सहा-सात थर, म्हणजे सव्वा ते दीड मीटर झाले की ग्राऊट ओतावे. बारीक सळईने खालपर्यंत ठोसावे, काही मिनिटे थांबावे, पाणी ठोकळ्यांनी ओढून पातळी खाली गेली की पुन्हा ठोसावे व भर घालावी. ही दुसरी ठोसणी बहुधा वगळली जाते, आणि तिच्या अभावी आकसलेले ग्राऊट ठोकळ्याच्या आतील बाजूपासून सुटते. ओतणे ठोकळ्याच्या काठाच्या चार-पाच सेंटिमीटर खाली थांबवावे, म्हणजे पुढील ओत सांध्याच्या रेषेत न येता ठोकळ्याच्या पोटात मिळतो. खालच्या खिडकीतून ग्राऊट दिसले तर ते तळास पोहोचले. भिंत वाळल्यावर हातोडीने हलके ठोकीत वर जावे. भरलेल्या पोकळीचा आवाज बद्द येतो, रिकाम्या जागी तो एकदम बदलतो.

किल्लारीच्या पठारावर एवढे पाळले तर काम निभते. तोंडवलीच्या पट्टीवर निभत नाही, कारण तेथे एक शत्रू सामग्रीतूनच आत येतो. सिमेंटच्या कुशीत लोखंड गंजत नाही. परंतु मिठातील क्लोराइड पुरेसे मिसळले की हे कवच फुटते. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीनुसार लोखंडयुक्त काँक्रीटच्या एका घनमीटरात ओततेवेळी क्लोराइड ६०० ग्रॅमहून अधिक नसावे. हेच प्रमाण आपल्या ५८ लिटरच्या पोकळीस लावले तर एकूण मर्यादा ३५ ग्रॅमची येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. म्हणजे तीन मीटर उंचीच्या संपूर्ण पोकळीत समुद्राचे दोन लिटर पाणी देखील खपत नाही. त्या पोकळीस लागणारे एकूण पाणी सुमारे १८ लिटर. त्यातील दहावा हिस्सा खारा निघाला की मर्यादा गाठली गेली. खाडी व समुद्र यांच्यामधील विहिरीचे पाणी वैशाखात जिभेस किंचित मचूळ लागत असेल, तर ते ग्राऊटमध्ये घालण्यापूर्वी तपासून घेणेच शहाणपणाचे.

वाळूचा हिशेब याहून कठोर आहे. एका पोकळीस सुमारे ८५ किलो वाळू लागते. ती किनाऱ्यावरून ओली आणली आणि तिच्यात पाच टक्के समुद्राचे पाणी असले, तर ते सव्वाचार लिटर भरते. त्यातील क्लोराइड ८० ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. ती वाळू उन्हात वाळविल्याने काहीच साधत नाही. पाणी उडते, मीठ मागे राहते. गोड्या पाण्याने ती धुवावी लागते, आणि धुतलेले पाणी वाहून जाऊ द्यावे लागते.

येथे ग्राऊटचा जो गुण पूर्वी सांगितला तोच उलटतो. ठोकळ्याचे कवच सच्छिद्र असल्याने ते पाणी ओढते. पण पुढे वर्षानुवर्षे खारा वाराही तेच ओढते. क्लोराइड त्या कवचातून हळूहळू आत सरकते, आणि सळई जर एका बाजूस टेकली असेल तर तिच्यापर्यंत पोहोचण्यास त्यास फार वाट चालावी लागत नाही. भूकंपाच्या हिशेबाने जी सळई मध्यावर हवी होती, ती खाऱ्या हवेच्या हिशेबानेही मध्यावरच हवी. बाहेरून गिलावा करणे व तो तडे न जाऊ देता राखणे हा या किनाऱ्यावर शोभेचा भाग नव्हे. गंज मूळ लोखंडाहून कितीतरी पटीने अधिक जागा व्यापतो. म्हणून गंजलेली सळई आपल्या भोवतालच्या ग्राऊटास व ठोकळ्यास आतून फोडते. त्याची खूण भिंतीवर उमटते. सांध्याच्या पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारा तडा हा बहुधा पाया खचल्याचा. परंतु ठोकळे व सांधे यांस न जुमानता कोपऱ्यालगत सरळ उभा चढणारा, आणि पावसाळ्यानंतर ज्याच्या कडेस तांबूस डाग दिसतात असा तडा हा सळईचा होय. जांभ्याच्या चिऱ्यात हा रोग नाही, कारण त्यात गंजण्यास काही नाही. आणि वाऱ्यात छप्पर धरून ठेवण्यासही त्यात काही नाही.